पंचेचाळीसचे तीस : पुरवठादारांना पाठवलेल्या एका पत्राची गोष्ट

मंडळी, आज जरा उधारीवर बोलू. आपल्याकडच्या एमआयडीसीत दोन गोष्टींवर कुणी उघड बोलत नाही. एक म्हणजे कुणाचं किती येणं आहे, आणि दुसरं म्हणजे कुणाचं किती देणं आहे. पहिलं निदान चहाच्या टपरीवर तरी निघतं. दुसरं तिथंही निघत नाही. मी आज दुसऱ्याबद्दल लिहितोय.

आमचं कोल्हापूरजवळ छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग घ्यायचं, मशीनिंग करायचं आणि मोठ्या कंपनीला पाठवायचं, एवढंच काम. महिन्याची खरेदी सगळी मिळून साधारण ३६ लाखांची. त्यात निम्म्याहून जास्त वाटा फाउंड्रीचा. बाकी हीट ट्रीटमेंट, जॉबवर्क करणारे दोन लेथवाले, पॅकिंगचे खोके आणि टूल्सचा व्यापारी. सगळ्यांना वर्षानुवर्षं ४५ दिवसांची उधारी. जानेवारी २०२५ मध्ये आम्ही सगळ्यांना पत्र दिलं की ही मुदत टप्प्याटप्प्यानं ३० दिवसांवर आणतोय.

पत्र हातात पडल्यावर फाउंड्रीच्या अण्णांचा पहिला फोन आला. आभार वगैरे काही नाही. थेट विचारलं, "भाव किती पाडायचा म्हणतोस?"

त्यांची शंका रास्त होती. या धंद्यात खरेदीदार आपणहून काही देतो तेव्हा मागच्या हातानं काहीतरी काढून घेतो, असा अनेक वर्षांचा अनुभव आहे. म्हणून आधी हे सांगतो की पुरवठादाराला पंधरा दिवस लवकर पैसे मिळाले तर नेमकं काय होतं. "त्यांना बरं पडतं" एवढं म्हणून भागत नाही.

जीएसटीचं उदाहरण घ्या. दरमहा रिटर्न भरणाऱ्या फाउंड्रीला मार्चमध्ये केलेल्या बिलांचा कर २० एप्रिलपर्यंत भरावा लागतो. गिऱ्हाइकानं पैसे दिले की नाही, हे सरकार विचारत नाही. कास्टिंगवर कर १८ टक्के. आता ४५ दिवसांची उधारी असेल तर मार्चच्या कुठल्या बिलांचे पैसे २० एप्रिलच्या आत येतात? फक्त १ ते ६ मार्चच्या. बाकी पंचवीस दिवसांच्या बिलांवरचा कर फाउंड्रीवाला स्वतःच्या खिशातून भरतो आणि नंतर वाट बघत बसतो. उधारी ३० दिवसांची झाली की १ ते २१ मार्चच्या बिलांचे पैसे कराच्या तारखेआधी हातात येतात. पंधरा दिवस म्हणजे हे. त्याशिवाय भंगार आणि पिग आयर्न देणारे ४५ दिवस थांबत नाहीत, आणि भट्टीचं वीजबिल तर अजिबात थांबत नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण इथं बऱ्याच जणांचा गोंधळ आहे. लोक म्हणतात, "सरकारनंच ४५ दिवस दिलेत की." तसं नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे द्यायची मुदत लेखी ठरली असेल तर ठरल्याप्रमाणे, पण ४५ दिवसांच्या पुढं नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर पंधरा दिवस. म्हणजे ४५ ही शेवटची हद्द आहे, हक्काची सवलत नव्हे. आणि दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. आपल्याकडे कुणी महिनाअखेरपासून मोजतं, कुणी बिल अकाउंटला पोचल्यापासून, कुणी सिस्टीममध्ये एंट्री झाल्यापासून. कागदावर ४५ असतात, हातात सत्तर पडतात.

उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. आम्ही पत्र काढलं तेव्हा बँक रेट ६.७५ होता, म्हणजे व्याज सव्वावीस टक्के. दोन लाखांचं बिल दहा दिवस उशिरा दिलं तर साधारण अकराशे रुपये. हे व्याज मागायची हिंमत किती लेथवाले करतात, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून २०२३-२४ पासून आयकर कायद्यात ४३ बी (एच) हे कलम आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षाच्या हिशोबात धरता येत नाही. ज्या वर्षी खरोखर पैसे द्याल त्या वर्षी धरायचा. हे कलम सूक्ष्म आणि लघु उत्पादक व सेवा देणाऱ्यांच्या बिलांना लागतं, नुसत्या व्यापाऱ्याच्या बिलाला नाही.

इथंच आमच्या सीएनं हात आडवा घातला. त्यांचं म्हणणं असं : "कागदावर ४५ च ठेवा. देताना तिसाव्या दिवशी द्या, कोण अडवतंय? पण लेखी ३० केलंत तर कायद्याची मुदतही तुमच्यासाठी ३० होते."

मुद्दा बिनतोड होता. उदाहरणानं सांगतो. २० फेब्रुवारीला माल आला आणि पैसे २ एप्रिलला दिले. लेखी मुदत ४५ दिवसांची असेल तर शेवटची तारीख ६ एप्रिल, म्हणजे काही बिघडलं नाही. लेखी मुदत ३० दिवसांची असेल तर शेवटची तारीख २२ मार्च. पैसे मुदत उलटून आणि नव्या आर्थिक वर्षात दिले, म्हणून मार्चच्या हिशोबातून तो खर्च उडाला. त्या रकमेवर यंदा कर भरा, वजावट पुढच्या वर्षी मिळवा. वर व्याजाचा मीटर २३ मार्चपासून चालू. म्हणजे आपणच आपल्या गळ्यात दोरी घालून घ्यायची.

मग तोंडी का नाही ठेवलं? आठवडाभर आम्ही घरात यावर वाद घातला. शेवटी पारडं एका गोष्टीनं फिरलं. तोंडी दिलेल्या सवलतीवर पुरवठादाराला काहीच बेतता येत नाही. तिसाव्या दिवशी पैसे आले तर आनंद, नाही आले तर तक्रारीला जागा नाही. त्यामुळं अण्णा भंगारवाल्याला पंचेचाळीस दिवस धरूनच शब्द देणार, बँकेत तसंच सांगणार, आणि भावातही उधारीचं व्याज पंचेचाळीस दिवसांचंच धरणार. आपले पैसे लवकर जातील आणि त्याचा उपयोग मात्र कुणालाच पुरता होणार नाही. द्यायचं तर लेखी द्यायचं, नाहीतर गप्प बसायचं, असं ठरलं.

आता हिशोब. ३६ लाख महिन्याला म्हणजे दिवसाला १ लाख २० हजार. पंधरा दिवस अलीकडे आलो की १८ लाख रुपये एकदा जास्तीचे घालावे लागतात, आणि ते कायमचे अडकतात. बँकेच्या साडेदहा टक्क्यांनी धरलं तर वर्षाला १ लाख ८९ हजार. एवढी किंमत आहे, हे आधी मान्य करायचं.

बरेच जण हा आकडा बघूनच घाबरतात, पण कॅश क्रेडिट वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपली ड्रॉइंग पॉवर काढताना बँक स्टॉकमधून देणेकऱ्यांची रक्कम वजा करते. देणी १८ लाखांनी कमी झाली की पैसे दिलेला स्टॉक तेवढा वाढतो. पंचवीस टक्के मार्जिन सोडून साडेतेरा लाख उचलायची सोय तिथंच होते, फक्त मंजूर लिमिटमध्ये तेवढी जागा हवी. आमच्याकडे होती. उरलेले साडेचार लाख स्वतःचे. त्यासाठी एक जुनी मशीन बदलायचं काम सहा महिने पुढं ढकललं. ज्यांचं लिमिट आधीच गळ्यापर्यंत भरलेलं असतं त्यांनी हे पत्र काढू नये. मोडलेल्या ३० दिवसांपेक्षा पाळलेले ४५ दिवस पुरवठादाराला परवडतात.

खरी गाठ मुदत बदलतानाच्या दिवसांत बसते. समजा आपण एका दमात ठरवलं की १ एप्रिलपासून येणाऱ्या मालाला ३० दिवस. १ एप्रिलच्या मालाचे पैसे १ मेला द्यायचे. पण १७ मार्चच्या मालाचे पंचेचाळीस दिवसही १ मेलाच भरतात. १६ एप्रिलच्या आधीच्या प्रत्येक दिवसाचं असंच होतं. थोडक्यात, १ ते १५ मे रोज दुप्पट पैसे द्यावे लागतात, जुन्या बिलाचे आणि नव्या बिलाचेही. वर्षभरात हळूहळू लागतील असं वाटणारे १८ लाख त्या पंधरवड्यातच उभे करावे लागतात. नीट तारखा मांडल्या नाहीत तर हे आधी दिसत नाही.

म्हणून आम्ही पाच-पाच दिवसांनी खाली आलो. एप्रिलमध्ये आलेल्या मालाला ४० दिवस, मेच्या मालाला ३५, आणि १ जूनपासूनच्या मालाला ३०. असं केलं की दुहेरी देण्याचे दिवस तीन ठिकाणी विभागले जातात : ११ ते १५ मे, ५ ते ९ जून आणि १ ते ५ जुलै. प्रत्येक वेळी सहा लाख जास्तीचे. एकूण रक्कम तीच, पण दोन हप्त्यांच्या मध्ये सावरायला तीन-चार आठवडे मिळतात. महिनेही मुद्दाम निवडले. मार्चअखेर नको, आणि बोनसमुळं दिवाळीचा तोंडावरचा महिना नको.

पत्र १५ जानेवारीला गेलं, पहिला बदल १ एप्रिलला. म्हणजे अडीच महिन्यांची सूचना. काहींनी विचारलं की चांगल्या बातमीला सूचना कशाला? उद्यापासून द्या की! पण खोकेवाल्या दादांची बाजू ऐका. ते आमची बिलं एका फायनान्स कंपनीकडे ठेवून आधीच पैसे उचलतात. तिथं बिलाची तारीख पंचेचाळीसावा दिवस अशी नोंदलेली, आणि पैसे त्या कंपनीच्या खात्यात जायचे. मधेच आपण मुदत बदलली आणि उत्साहात दादांच्या खात्यावर लवकर पैसे टाकले, तर हिशोबाचा गुंता होतो. तिकडे कर्ज उभंच, इकडे पैसे खर्च झालेले. म्हणून जुन्या बिलांना हात लावायचा नाही. ज्या मालाचं बिल जुन्या मुदतीत झालं ते जुन्या मुदतीतच संपेल. अडीच महिन्यांत हातातल्या खरेदी ऑर्डरी बहुतेक संपतात, उरलेल्यांवर सुधारित अटी काढता येतात, आणि पुरवठादाराला बँकेत, फायनान्सवाल्याकडे जाऊन बोलायला वेळ मिळतो.

पत्र एका पानाचं होतं. मुख्य मजकूर असा :

"आपल्या मालाचे पैसे सध्या ४५ दिवसांत दिले जातात. ही मुदत १ एप्रिल २०२५ पासून येणाऱ्या मालासाठी ४० दिवस, १ मेपासून ३५ दिवस आणि १ जूनपासून ३० दिवस राहील. दिवस माल आमच्या गेटवर पोचल्याच्या तारखेपासून मोजले जातील. ३१ मार्चपर्यंत आलेल्या मालाला जुनीच मुदत लागू राहील. या बदलासाठी दरात कोणतीही सूट मागितलेली नाही. मालाबद्दल हरकत असल्यास ती आम्ही १५ दिवसांच्या आत लेखी कळवू आणि फक्त हरकतीपुरती रक्कम थांबवू. आपली बिले बँक किंवा फायनान्स संस्थेकडे ठेवलेली असल्यास २८ फेब्रुवारीपर्यंत कळवावे. मान्य असल्यास सही करून एक प्रत परत पाठवावी."

यातली प्रत्येक ओळ कुठल्या तरी भांडणातून आलेली आहे. दरात सूट मागितलेली नाही, ही ओळ अण्णांच्या त्या प्रश्नासारख्या शंकेसाठी आधीच घातली होती. अण्णांनी पत्र वाचून मगच फोन केला होता, पण त्या ओळीवर त्यांचा विश्वास बसला नव्हता. सही करून प्रत परत मागितली, कारण कायद्याला दोघांमधला लेखी करार लागतो, आपलं एकतर्फी पत्र पुरत नाही.

हरकतीची ओळ सगळ्यात अवघड. कास्टिंगमधलं ब्लो होल वरून दिसत नाही. मशीनवर कट घेतला की दिसतं. माल तीन आठवडे यार्डात पडून राहिला आणि विसाव्या दिवशी भोक निघालं, तर? पंचेचाळीस दिवसांत हे आपोआप खपून जायचं, कारण पैसे द्यायच्या आत माल मशीनवर जायचाच. तीस दिवसांत ही सोय राहत नाही. आम्ही दोन गोष्टी केल्या. प्रत्येक लॉटमधले पाच नग आठवड्याच्या आत मशीनवर चढवायचे. आणि पंधरा दिवसांनंतर निघालेल्या दोषाची रक्कम पुढच्या बिलात वळती करायची, चालू बिल अडवायचं नाही. चार हजारांच्या नगांसाठी चार लाखांचं बिल अडकवून ठेवणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. उधारी कितीही दिवसांची लिहा, ती तिथंच लांबते.

दुसरी जागा म्हणजे पेमेंटचा वार. आमच्याकडे महिन्यातून दोनदा, १० आणि २५ तारखेला, पैसे सुटायचे. अशा पद्धतीत ११ तारखेला भरलेलं बिल २५ पर्यंत थांबतं. म्हणजे लिहायचे ३० आणि द्यायचे ४४! तुमच्या कारखान्यात पेमेंटचे दिवस ठरलेले असतील तर मुदत कमी करण्याआधी हे तपासा. आता दर शुक्रवारी पैसे सुटतात आणि पुढच्या गुरुवारपर्यंत भरणारी सगळी बिलं त्यात धरतात. म्हणजे दिवस चुकला तर अलीकडे चुकतो, पलीकडे नाही. आमच्या अकाउंटच्या ताईंचं काम वाढलं, हे खरं आहे. त्यांनी पहिल्या महिन्यात दोनदा ते ऐकवलंही.

आणि व्हायचं ते झालंच. जूनच्या पहिल्या आठवड्यात, नेमकं दुहेरी पैसे द्यायच्या दिवसांत, आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाचे पैसे नऊ दिवस उशिरा आले. नाव घेत नाही, त्यांच्यावरच आमचं पोट आहे. फोन केला तर "प्रोसेसमध्ये आहे" हे ठरलेलं उत्तर. त्या नऊ दिवसांत एका हप्त्याएवढे, सहा लाख, बाजूला काढून ठेवलेले होते ते वापरले. ते नसते तर ३० चा शब्द दुसऱ्याच महिन्यात मोडला असता. म्हणून सांगतो, १८ लाखांची सोय झाली म्हणजे तयारी झाली असं नाही. वर एका हप्त्याएवढी गंगाजळी वेगळी हवी.

मिळालं काय, हेही विचाराल. भाव पडला नाही, मागितलाही नव्हता. पण आता तातडीचा पॅटर्न लावायचा असेल तर अण्णा रात्रपाळीत जागा काढतात. आधी "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणायचे. लेथवाल्या मामांनी एका सावकारी कर्जाचा हप्ता संपवला आणि नवं काढलं नाही. याची किंमत १ लाख ८९ हजारांइतकी होते का, ते मला रुपयांत मांडता येत नाही. आमच्यापुरतं ते परवडतंय, एवढंच म्हणतो.

राहता राहिला प्रश्न वरच्यांचा. मोठ्या कंपनीनं आम्हाला साठ-सत्तर दिवसांनी द्यायचं आणि आम्ही खाली तीस दिवसांत द्यायचं, हे गणित सगळ्यांना कायम जमणार नाही. अडीचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आता ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे. तिथं बिल मान्य झालं की बँका बोली लावून आपल्याला लवकर पैसे देतात. पण नोंदणी सक्तीची असली तरी प्रत्येक बिल तिथं टाकणं कंपनीच्या मर्जीवर आहे. तुमचं गिऱ्हाईक त्यात बसत असेल तर पुढच्या ऑर्डरच्या बोलणीत भावाबरोबर हेही विचारा : "आमची बिलं ट्रेड्सवर टाकणार का?" आम्ही विचारलंय. उत्तर अजून प्रोसेसमध्ये आहे.

तुमच्या वसाहतीत दिवस कुठून मोजतात, गेटपासून की एंट्रीपासून? खाली लिहा. कंपनीचं नाव नको, फक्त दिवस लिहा.